ट्रॅक्टर ऑईलसाठी सोसायटीकडून डीलरला पत्र, सभासदांना घाऊक दर कसा मागायचा?

सचिव_पुरंदर (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. पुरंदर तालुक्यातल्या एका विविध कार्यकारी सोसायटीचा मी सचिव आहे. परवाच्या मासिक सभेत विषय निघाला की गावात साठच्या आसपास ट्रॅक्टर झालेत, प्रत्येक जण सासवडला नाहीतर जेजुरीला जाऊन एकेक कॅन ऑईल आणतोय, कुणाला एका भावात मिळतंय कुणाला दुसऱ्या, उधारीवाल्याला तर दुकानदार सांगेल तो भाव. चेअरमन म्हणले सचिव तुम्ही पुण्याच्या मोठ्या डीलरला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र लिहा, एकदम घेतो म्हणावं, भाव पाडून द्या. मी लिहिलंय पण मन भरत नाहीये. जाणकारांनी बघून सांगावं, गुरुवारी पाठवायचंय.

"महोदय, स.न.वि.वि. आमची संस्था जुनी व नामांकित असून संस्थेचे ८०० च्या वर सभासद आहेत. बरेच सभासद ट्रॅक्टरधारक आहेत. तरी आमच्या सभासदांना ट्रॅक्टर ऑईलवर जास्तीत जास्त सूट देऊन होलसेल दराने पुरवठा करावा ही नम्र विनंती. आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे. कळावे."

एवढंच. काय कमी आहे?

मिस्त्री_शिरूर (सोमवार, रात्री ९:४२)

सचिवसाहेब पत्रबित्र कशाला, सरळ २१० लिटरचं बॅरल उचला. माझ्या गॅरेजला मी बॅरलच आणतो, लिटरमागं चांगले पैसे वाचतात. आणि एकच ऑईल घ्या सीआय-४ मधलं १५डब्ल्यू-४०, इंजिनला पण तेच आणि गिअरबॉक्स हायड्रॉलिकला पण तेच ओता, आमचे वस्ताद तीस वर्षं तसंच करत आले, काही होत नाही. एकच माल असला की डीलर पण भाव चांगला देतो.

वंगण_नानापेठ (सोमवार, रात्री ११:०५)

सचिव, मी वीस वर्षं वंगणाच्या वितरणात होतो, नाना पेठेत बसायचो, अशी पत्रं माझ्या टेबलावर महिन्याला दोनचार यायची. खरं सांगतो, तुमचं पत्र वाचून डीलर चहा पाजेल आणि पाच टक्के सूट लिहून देईल, जी काउंटरवर कुणालाही मिळते. कारण तुमच्या पत्रात त्याला हिशोब करता येईल असं काहीच नाही. ८०० सभासद म्हणजे ८०० ट्रॅक्टर नव्हेत, आणि "बरेच" हा आकडा नाही.

डीलर भाव कशावर सोडतो ते समजून घ्या म्हणजे पत्र आपोआप लिहिलं जाईल. लिटर किती आहेत हे तो बघतोच, पण त्याचं खरं दुखणं उधारी. शेतकऱ्याचा पैसा उसाच्या बिलावर नाहीतर फळाच्या पट्टीवर येतो, दुकानदार त्याला तीन-तीन महिने थांबतो, दुकानदारासाठी डीलर थांबतो, आणि ते थांबणं भावात धरलेलं असतं. तुम्ही जर म्हणालात की पैसे माल उतरायच्या दिवशी, तर तो जे सोडेल ते नुसत्या लिटरवर सोडणार नाही. दुसरी गोष्ट गाडी. साठ ठिकाणी साठ कॅन पोचवायचे आणि एका गोडाऊनला एक टेम्पो खाली करायचा यात मोठा फरक आहे. तिसरी गोष्ट पॅक. कुठला ग्रेड, किती लिटरचा कॅन, किती नग, हे लिहिलं की तो कंपनीकडून त्या महिन्याच्या स्कीममध्ये बसवून माल मागवू शकतो. नुसतं "ट्रॅक्टर ऑईल" लिहिलं तर त्याच्याकडं जे पडून आहे ते तुमच्या गळ्यात येईल.

तर आधी गावात फिरा. प्रत्येक ट्रॅक्टरचं मॉडेल, मॅन्युअलमध्ये इंजिन ऑईलचा ग्रेड आणि लिटर, तासमीटरचा आकडा आणि याआधी ऑईल कितीवर बदललं. एवढ्या चार गोष्टी वहीत लिहून आणा. मग इथं टाका, पत्र आपण मिळून करू.

आणि मिस्त्रींना एक नम्रपणे, तुमचं अर्धं बरोबर आहे. इंजिनला जुन्या ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये सीएफ-४ लिहिलं असेल तिथं सीआय-४ चालतं, वरचा ग्रेड खालच्या जागी बसतो, फक्त घट्टपणा मॅन्युअलप्रमाणे ठेवायचा. पण गिअरबॉक्स-हायड्रॉलिकला तेच ओतायचं हे आता चालत नाही. तुमच्या वस्तादांच्या काळात ब्रेक कोरडे होते. आता बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, मागच्या हाऊसिंगमधलं एकच तेल गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक तिघांना सांभाळतं. त्याला यूटीटीओ नावाचं वेगळं ऑईल येतं. त्या जागी इंजिन ऑईल पडलं की ब्रेक दाबला की करकर आवाज, थरथर, आणि ट्रॉली भरलेली असली की ब्रेक उशिरा धरतो. उतारावर ते महागात पडेल.

दौंडकर_बागायतदार (मंगळवार, सकाळी ७:२०)

आमच्याकडं पण हीच बोंब आहे, पंपावर गेलं की भाव ठरलेला, सोसायटीला कोण सवलत देणार. टँकर मागवायचा तर परवाना लागतो साठवायला. कुणी घाऊक तेल घेतलंय का सोसायटीतर्फे? ट्रॅक्टरला महिन्याला दोनअडीचशे लिटर लागतंय नांगरटीच्या दिवसात.

सचिव_पुरंदर (मंगळवार, सकाळी ८:०२)

दौंडकर दादा, तुम्ही डिझेलचं म्हणताय. माझा विषय इंजिन ऑईल आणि गिअर ऑईलचा आहे. डिझेलचं वेगळं विचारा, तो पण विषय मोठा आहे.

वंगणदादा तुमचे फार आभार. रात्रीच चेअरमनना वाचून दाखवलं. आजपासून फिरतो वही घेऊन.

भोरची_लेक (मंगळवार, दुपारी १:३०)

मी इकडं भोरकडची, आमचा भातपट्टा. दादांचा ट्रॅक्टर आहे, चिखलणीला तीन आठवडे रोज पाण्यात असतो. गेल्या पावसाळ्यात हायड्रॉलिक उचलायला वेळ लावायला लागलं, नांगर वर जायचा आणि हळूहळू खाली बसायचा. डिपस्टिक काढली तर तेल दुधाळ चहासारखं. मेकॅनिकनं सगळं बदलायला लावलं, तीन बादल्या गेल्या, आणि बिल बघून आई दोन दिवस बोलली नाही कुणाशी. मला विचारायचंय की सोसायटीमार्फत घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं का, आणि दर वर्षी बदलायलाच लागणार का?

वंगण_नानापेठ (मंगळवार, दुपारी ३:१५)

ताई, दुधाळ म्हणजे तेलात पाणी शिरलंय. चिखलणीत मागच्या एक्सलचे सील पाण्याखाली असतात, सील जरा जरी झिजलेलं असलं की तिथून शिरतं, नाहीतर ब्रीदरमधून. सील न बदलता नुसतं तेल बदललं असेल तर यंदा परत तेच होईल. तेव्हा आधी सील बघा. तासावर बघितलं तर मागचं तेल हजार तासांच्या आसपास चालायला पाहिजे, पण भातपट्ट्यात चिखलणी झाली की डिपस्टिक काढून बघायची आणि रंग फिरला असेल तर तासाची वाट बघायची नाही.

सचिव, हे तुमच्यासाठी पण महत्त्वाचं आहे. पुरंदरला चिखलणी फारशी नाही, म्हणून मागच्या तेलाची मागणी भोर-मावळपेक्षा कमी निघेल. दुसऱ्या तालुक्यातल्या सोसायटीचा आकडा उचलून आपल्या पत्रात टाकू नका.

हिशोबनीस (मंगळवार, रात्री ८:४०)

मी सहकारी संस्थांची ऑडिटं करतो म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगतो, नंतर दोष दाखवायला नको. पत्रात सगळ्यात आधी हे ठरलं पाहिजे की बिल कुणाच्या नावावर.

दोन वाटा आहेत. एक, सोसायटी माल विकत घेणार आणि सभासदांना विकणार. मग ती विक्री झाली, स्टॉक रजिस्टर आलं, शिल्लक माल आला, तूट आली, आणि जीएसटीचा प्रश्न आला. सभासदाला दिलं म्हणजे विक्री नाही असं पूर्वी काही लोक मांडायचे, पण २०२१ च्या वित्त कायद्यानं तो मुद्दा मिटवलाय, संस्थेनं स्वतःच्या सभासदाला पैसे घेऊन दिलेलाही पुरवठाच धरतात, तेही जुलै २०१७ पासून. दुसरी वाट, सोसायटी फक्त मागणी गोळा करून भाव ठरवणार, डीलर प्रत्येक सभासदाच्या नावानं वेगळं बिल फाडणार, सभासद पैसे थेट डीलरला देणार. यात सोसायटीच्या खतावणीत मालाची एकही नोंद येत नाही.

तुमची खतविक्री चालू आहे का? असेल आणि जीएसटी नंबर असेल तर पहिली वाट पण जमेल. नसेल तर दुसरीच धरा.

आणि सभेचा ठराव घ्या, कमीत कमी तीन डीलरांची दरपत्रकं मागवल्याशिवाय कुणाला होकार देऊ नका. एका संस्थेत सचिवानं चांगल्या मनानं एकाच ओळखीच्या डीलरकडनं काम केलं, भाव पण बरा होता, पण पुढच्या वार्षिक सभेत कमिशन खाल्लं म्हणून उभं केलं त्याला आणि त्याच्याकडं दाखवायला कागद नव्हता.

सचिव_पुरंदर (मंगळवार, रात्री ९:१५)

हिशोबनीस साहेब, खतविक्री तीन वर्षांपासून बंद आहे. मग सभासदाच्या नावानंच बिल. ठराव परवाच्या सभेत झालाय, पण त्यात "डीलरला पत्र द्यावे" एवढंच आहे, तीन दरपत्रकांचं पुढच्या सभेत दुरुस्त करून घेतो, त्याआधी होकार कुणालाच देणार नाही.

वंगण_नानापेठ (मंगळवार, रात्री ९:५०)

सभासदाच्या नावानं बिल असण्याचा अजून एक फायदा आहे. नवीन ट्रॅक्टर वॉरंटीत असतो, इंजिनचं काही झालं तर कंपनी विचारते की ऑईल कुठलं टाकलं, कधी टाकलं, बिल दाखवा. सोसायटीच्या बॅरलमधून किटलीनं नेलेल्या ऑईलचं बिल तो कुठून आणणार.

मिस्त्री_शिरूर (मंगळवार, रात्री १०:३०)

वॉरंटीचं पटलं. पण जुन्या ट्रॅक्टरवाल्यांना बॅरलच परवडतं, त्यांची सोय का मारता? पाच कॅनला जेवढं प्लास्टिकचे पैसे देताय तेवढ्यात पंप येतो हाताचा.

वंगण_नानापेठ (बुधवार, सकाळी ६:५०)

मिस्त्री, तुमच्या गॅरेजला बॅरल बरोबर आहे, कारण ते महिन्यादोन महिन्यात संपतं आणि छपराखाली असतं. सोसायटीचं बॅरल सहा महिने गोडाऊनच्या पडवीत उभं राहतं. दिवसा तापलं की आतली हवा फुगून बाहेर पडते, रात्री गार झालं की ती परत आत ओढली जाते, आणि वर पावसाचं नाहीतर दवाचं पाणी साचलेलं असलं की बुचाच्या आट्यांमधून तेच पाणी आत जातं. बुच घट्ट आहे म्हणून पाणी जात नाही असं समजू नका. मी स्वतः अशा बॅरलच्या तळातून पारदर्शक बाटलीत तेल काढलंय, खाली दोन बोटं पाणी होतं आणि मधला थर ढगाळ. बाहेर ठेवायचंच असेल तर आडवं ठेवायचं, लाकडी फळ्यांवर, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत, म्हणजे आतून दोन्हीवर तेल राहतं आणि हवा ओढली जात नाही. कुठल्या सोसायटीत हे कोण बघणार?

शिवाय तळाचं चारपाच लिटर पंपानं निघत नाही, मापाचा वाद होतो, आणि सैल माल म्हटलं की कुणाच्यातरी इंजिनमध्ये काही झालं तर पहिलं बोट सचिवाकडं.

सचिव_पुरंदर (शुक्रवार, रात्री १०:२०)

उशीर झाला, कारण फिरण्यात तीन दिवस गेले. गुरुवारचं पत्र थांबवलं, चेअरमन पण म्हणले थांबा. ट्रॅक्टर निघाले ६१. पण रोख पैसे देऊन एकदम घ्यायला तयार ३८ जण, त्यांच्याच सह्या घेतल्या. बाकीचे म्हणले बघू, आधी भाव येऊ द्या.

फिरताना एक गोष्ट कळली जी मला सचिव असून माहीत नव्हती. आमच्याकडं अंजीर, सीताफळ, डाळिंबाच्या बागा, त्यामुळं मिनी ट्रॅक्टर बरेच झालेत. त्यांना ऑईल कमी लागतं, साडेसातचा कॅन आणला की उरलेलं अर्धवट झाकण लावून गोठ्यात पडून राहतं, एका ठिकाणी त्या कॅनात मुंग्या निघाल्या. तर ३८ पैकी ११ मिनी, त्यांना ५ लिटरचा कॅन पुरतो, आणि २७ मोठे, त्यांना साडेसात लिटर.

२७ गुणिले साडेसात म्हणजे २०२.५ आणि ११ गुणिले पाच म्हणजे ५५. एका वेळचं इंजिन ऑईल २५७.५ लिटर. बहुतेकांच्या मॅन्युअलमध्ये २५० तासाला बदला आहे आणि वर्षात पाचशेच्या आसपास तास होतात, म्हणजे वर्षाला दोनदा, ५१५ लिटर. खरं तर आमच्यातले निम्मे जण तास न बघता दिवाळीला आणि पाडव्याला बदलतात, पण दोनदा बदलतात एवढं खरं.

मागचं तेल आत्ता बदलायला आलेले ९ ट्रॅक्टर. त्यातले ७ तेलातल्या ब्रेकचे, मॅन्युअलला पंचेचाळीस लिटरच्या आसपास, म्हणजे २० च्या दोन बादल्या आणि ५ चा एक कॅन. एकूण १४ बादल्या, ७ कॅन, ३१५ लिटर. राहिलेले दोन ट्रॅक्टर जुने, मॅन्युअल हरवलंय, प्लेट पुसलीय, मालक म्हणतात मेकॅनिक टाकतो ते टाकतो. त्यांचं काय करू?

वंगण_नानापेठ (शुक्रवार, रात्री ११:००)

अप्रतिम काम केलंत. त्या दोघांना पत्रातून बाहेर ठेवा. ब्रेक कोरडे आहेत का तेलातले ते मेकॅनिकनं उघडून बघितल्याशिवाय कुणीही इथं बसून सांगू नये.

आता भाव कसा मागायचा. "एमआरपीवर किती टक्के सूट" असं अजिबात विचारू नका. समजा साडेसातच्या कॅनची एमआरपी २७०० आहे आणि तो २० टक्के सोडतो, तर कॅन पडला २१६०, लिटर पडला २८८. पाचच्या कॅनची एमआरपी समजा १९००, तीच २० टक्के सूट, कॅन १५२०, पण लिटर ३०४. सूट सारखीच, पण मिनीवाल्याला लिटरमागं १६ रुपये जास्त. शिवाय कंपनीनं मध्ये एमआरपी वाढवली तर तुमची सूट वीसच राहील आणि खिशातनं जास्त जाईल.

दुसरा सापळा जीएसटीचा. एक जण लिहील २८८, दुसरा लिहील २६०, तुमची सभा लगेच २६० वर सही करेल. पण त्या २६० च्या खाली बारीक अक्षरात "कर वेगळा" असेल तर १८ टक्के धरून ते ३०६ रुपये ८० पैसे होतात, आणि त्यावर गाडीभाडं. म्हणून पत्रातच लिहा, दर प्रति लिटर, सर्व करांसह, आमच्या गोडाऊनला पोच, उतराई कुणाची ते स्पष्ट. आणि दर किती दिवस बांधील राहील ते पण.

ब्रँडचं नाव लिहू नका. ग्रेड लिहा. ब्रँड लिहिला की दुसरे दोन डीलर बाद झाले आणि तुमची तीन दरपत्रकं कागदावरच राहिली.

ऊस_आणि_हिशोब (शनिवार, सकाळी ९:१०)

जे २३ जण उधारीमुळं मागं राहिले त्यांचं काय? केसीसीच्या मर्यादेत पिकाच्या खर्चावर २० टक्के शेती मालमत्तेच्या देखभालीला धरतात, ट्रॅक्टरचं ऑईल त्यातच बसतं. सोसायटीनं त्यातून पैसे द्यावेत ना. गरज तर त्यांनाच जास्त आहे.

हिशोबनीस (शनिवार, सकाळी ११:२५)

योजनेत तशी तरतूद आहे हे बरोबर. पण तुमच्या सभासदाची मंजूर मर्यादा तशी काढलीय का नुसत्या पीकदरानं काढलीय ते त्याच्या कर्जखात्यावर बघावं लागेल, आणि सोसायटी परस्पर डीलरला पैसे वळवू शकत नाही, सभासदानं स्वतः उचलून द्यायचे.

सचिव_पुरंदर (शनिवार, दुपारी ४:००)

आमच्याकडं मर्यादा पीकदरानंच आहे. ते २३ जण माझ्या डोक्यातून जात नाहीयेत, पण त्यांची उधारी या पत्रात घातली तर ३८ जणांचा भाव पण जाईल हे आता कळतंय. दुसऱ्या खेपेला बघतो. नवीन पत्र टाकतोय, शेवटचं एकदा बघा.

"प्रति, मा. प्रोप्रायटर साहेब.
विषय : संस्थेच्या सभासदांसाठी ट्रॅक्टर ऑईलचे घाऊक दर मिळणेबाबत.

महोदय, स.न.वि.वि.

आमच्या संस्थेच्या ३८ ट्रॅक्टरधारक सभासदांनी रब्बीपूर्वी एकत्र ऑईल खरेदी करण्याचे ठरविले असून त्यांची सह्यांसह यादी सोबत जोडली आहे. मागणी पुढीलप्रमाणे. इंजिन ऑईल १५डब्ल्यू-४०, एपीआय सीआय-४ किंवा त्यावरील, साडेसात लिटरचे २७ कॅन व ५ लिटरचे ११ कॅन. तेलातील ब्रेकसाठी योग्य यूटीटीओ, २० लिटरच्या १४ बादल्या व ५ लिटरचे ७ कॅन. सोबतच्या यादीत प्रत्येक ट्रॅक्टरचे मॉडेल दिले आहे, आपले ऑईल त्या मॉडेलला चालते याची खात्री करून तसे लेखी द्यावे.

आपला दर प्रत्येक पॅकसाठी वेगळा, प्रति लिटर, सर्व करांसह व आमच्या गोडाऊनपर्यंत पोच असा कळवावा. तो दर ३० दिवस बांधील राहावा. माल कंपनीच्या मूळ सीलबंद पॅकमध्येच हवा, सुटा माल घेतला जाणार नाही.

माल एकाच दिवशी एकाच ठिकाणी उतरवून घेतला जाईल. बिल प्रत्येक सभासदाच्या नावे स्वतंत्र करावे. सभासद त्याच दिवशी आपल्या प्रतिनिधीकडे पूर्ण रक्कम भरतील, उधारी राहणार नाही. सील तुटलेला किंवा गळका पॅक जागेवर परत घ्यावा.

हीच मागणी इंजिन ऑईलसाठी पाडव्याच्या सुमारास पुन्हा अपेक्षित आहे, मात्र ती आजच्या दराला बांधील नाही.

संस्था अथवा संस्थेचे कोणीही पदाधिकारी या व्यवहारात कमिशन घेणार नाहीत. जी सवलत द्यायची ती दरातच द्यावी. इतर डीलरांकडूनही दर मागविले असून निर्णय संचालक मंडळाच्या सभेत होईल. कळावे."

वंगण_नानापेठ (शनिवार, संध्याकाळी ६:३०)

हे पत्र मी टेबलावर घेतलं असतं तर त्याच दिवशी कंपनीच्या माणसाला फोन लावला असता. एकच जोडा, प्रत्येक पॅकवरची उत्पादनाची तारीख एक वर्षाच्या आतली असावी. नाहीतर कोपऱ्यातला जुना माल एकगठ्ठा तुमच्याकडं येईल.

आणि माल उतरेल त्या दिवशी स्वतः उभे राहा. पाचदहा कॅन हातात घेऊन झाकणाचं सील, बॅच नंबर, तारीख बघा, खोक्यावरचा बॅच आणि कॅनवरचा बॅच जुळतो का बघा. एखाद्या खोक्यात तीन वेगळ्या बॅच निघाल्या तर खोकं उघडून परत भरलंय असं समजा. ऑईल ओतून झाल्यावर रिकाम्या कॅनला सुऱ्यानं भोक पाडायला सगळ्यांना सांगा, चांगल्या रिकाम्या कॅनला भंगारात जास्त भाव का मिळतो ते मी बघितलंय, त्यात दुसरंच तेल भरून विकतात.

मिस्त्री_शिरूर (शनिवार, रात्री ८:१५)

एक आमची पण बाजू ऐका. कॅनमध्ये मेकॅनिकसाठी कूपन असतं, ऑईल माझ्या गॅरेजमधनं घेतलं तर ते मला मिळतं, त्यावर आमचे थोडे पैसे सुटतात. सभासद स्वतःचं ऑईल घेऊन आला तर मी मजुरी वाढवणार, मग त्याची बचत कुठं राहिली? गावातल्या मेकॅनिकला न विचारता हे केलंत तर तो नाराज होणार, आणि ट्रॅक्टर बंद पडल्यावर रात्री तोच येतो.

सचिव_पुरंदर (शनिवार, रात्री ९:००)

मिस्त्री तुमचं खरं आहे, हे माझ्या ध्यानात नव्हतं. आमच्या गावचे दोन मेकॅनिक आहेत, उद्याच दोघांना बोलावतो. कूपन त्यांनाच देऊ असं सभासदांना सांगतो, बदलायची मजुरी मात्र आधी ठरवून घेतो.

सचिव_पुरंदर (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:३०)

मंडळी, काय झालं ते सांगतो. पत्र चार डीलरांना दिलं, एक पुण्यातलाच म्हणाला एवढ्याशा मालाला सासवडपर्यंत गाडी घालणार नाही, तुम्ही येऊन न्या. एकाचं उत्तरच नाही. दोघांचे दर आले. दोनच असल्यामुळं अजून एक तिसरं सासवडच्या दुकानदाराकडनं मागवलं आणि गंमत म्हणजे साडेसातच्या कॅनला त्याचा दर पुण्याच्या एका डीलरपेक्षा कमी निघाला, कारण रोखीचं वाचून त्यानंही हात सोडला.

सभेनं इंजिन ऑईल सासवडच्या दुकानदाराकडनं आणि यूटीटीओ पुण्याच्या डीलरकडनं घ्यायचं ठरवलं. पुण्याचा डीलर आधी कर वेगळा लिहून बसला होता, पत्रातली ओळ दाखवल्यावर नवीन दरपत्रक दिलं. साडेसातचा कॅन सभासद आधी काउंटरवर ज्या भावात आणत होते त्यापेक्षा २४० रुपयांनी स्वस्त पडला. ५ लिटरवाल्यांना ९० रुपयेच सुटले, त्यातले दोघे नाराज आहेत.

माल बुधवारी उतरला. ३८ पैकी ३४ जण पैसे घेऊन आले. चौघांचे चार कॅन परत गाडीत चढवले, दुकानदार काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मी बघितला. पुढच्या वेळी यादीत सही करताना थोडे पैसे आगाऊ घ्यावेत का? आणि ते सोसायटीत जमा केले तर हिशोबनीस साहेब, कुठल्या खात्यात दाखवू?

हिशोबनीस (रविवार, रात्री १०:१०)

सोसायटीत जमा करू नका, परत तुम्ही मध्ये आलात. आगाऊ रक्कम सभासदानं थेट दुकानदाराला द्यावी आणि त्याची पावती तुम्हाला दाखवून यादीत नाव घालावं.

दौंडकर_बागायतदार (सोमवार, सकाळी ६:४५)

दुकानदार बुडाला तर आगाऊ रकमेची जबाबदारी कुणाची मग? आमच्याकडं शंभर टक्के सोसायटीच्या दारात येतील लोक.

सचिव_पुरंदर (सोमवार, सकाळी ७:३०)

तोच प्रश्न चेअरमननी विचारला. पुढच्या सभेत ठेवतो. ते दोन जुने ट्रॅक्टर पण उघडून बघितले, एकाचे ब्रेक कोरडे निघाले, दुसऱ्याचं मागं कुणीतरी बदललेलं हाऊसिंग आहे आणि मेकॅनिक अजून सांगू शकत नाहीये. फोटो संध्याकाळी टाकतो, वंगणदादा बघा जमलं तर.